मृत्यूचा धोका ‘३० टक्क्यांनी कमी’, म्हणजे शंभरातल्या किती बायका वाचल्या?

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांच्या स्तनात गाठ निघाली. तपासणीत कर्करोग असल्याचं कळलं. गाठ लहान होती, म्हणून डॉक्टरांनी आधी ऑपरेशन करू असं सांगितलं आणि तारीखही दिली. ऑपरेशनला आठ दिवस उरले असताना त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. दहावीपर्यंत तो माझ्याच वर्गात होता. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी त्याला एका जुन्या बातमीचं कात्रण पाठवलं होतं. बातमीचा मथितार्थ असा की मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने शोधलेल्या शंभर रुपयांच्या आतल्या एका इंजेक्शनने स्तनाच्या कर्करोगातला मृत्यूचा धोका जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतो.

“मॅडम, म्हणजे शंभरातल्या तीस बायका या इंजेक्शननं वाचतात ना?” त्याने विचारलं. “मग इथलं ऑपरेशन रद्द करून अम्मीला मुंबईला नेतो. नंबर लागायला दोन-तीन महिने लागले तरी चालतील.”

मी डॉक्टर नाही, शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. पण त्याचा पहिला प्रश्न वैद्यकीय नव्हताच, तो गणिताचा होता. बातमी खोटी नव्हती आणि संशोधनही खरं होतं. तरीही ‘३० टक्के’ वाचून त्याने जो अर्थ काढला, तो साफ चुकीचा होता. अशा बातम्या आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर येतात आणि त्यावरून घरोघरी इलाजाचे निर्णय होतात. म्हणून त्या दिवशी वहीवर त्याला जे समजावून सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी शाळेच्या निकालाचं उदाहरण

समजा एका शाळेत दहावीला १०० मुलं बसली. गेल्या वर्षी ४ नापास झाली, या वर्षी २ झाली. मुख्याध्यापकांना गेटवर पाटी लावायची आहे. त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत. एका पाटीवर लिहिता येईल, “नापासांचे प्रमाण ५० टक्क्यांनी घटले.” दुसऱ्या पाटीवर लिहिता येईल, “निकाल ९६ टक्क्यांवरून ९८ टक्क्यांवर.” दोन्ही पाट्या खऱ्या आहेत, मुलंही तीच आहेत. पण पहिली पाटी वाचून वाटतं की शाळेत क्रांती झाली, आणि दुसरी वाचून वाटतं की बरं चाललंय.

पहिल्या पाटीवर ४ आणि २ यांची आपसात तुलना आहे. चाराचे दोन झाले, म्हणजे निम्मे. याला सापेक्ष घट म्हणतात. डॉक्टर लोक त्यालाच रिलेटिव्ह रिस्क रिडक्शन म्हणतात. दुसऱ्या पाटीत शंभर मुलांमागे प्रत्यक्ष किती मुलांचं नशीब बदललं ते दिसतं. चारातून दोन वजा केले, उरले दोन. शंभरात दोन. ही निरपेक्ष घट, म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट रिस्क रिडक्शन. पहिल्यात भागाकार आहे, दुसऱ्यात वजाबाकी आहे. फरक एवढाच आहे.

आता शाळा दुसरी घ्या. तिथे १०० पैकी ६० मुलं नापास होत होती, ती ३० वर आली. त्या शाळेच्या पाटीवरही “५० टक्क्यांनी घट” असंच लिहिलं जाईल. पण तिथे तीस मुलं वर आली, आपल्या शाळेत दोन. ‘५० टक्के’ हा आकडा या दोन शाळांमधला फरक दाखवूच शकत नाही. तो कळायला मुळात किती मुलं नापास होत होती, हे माहीत हवं.

टाटाच्या इंजेक्शनचा हिशोब

आता खालांच्या इंजेक्शनकडे येऊ. हे औषध नवीन नाही. दात काढताना हिरडी बधिर करायला जे इंजेक्शन देतात, तेच हे. डॉक्टर त्याला लिग्नोकेन किंवा लिडोकेन म्हणतात. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा विचार असा होता की, ऑपरेशनच्या वेळी गाठीला धक्का लागतो आणि तेव्हाच काही पेशी निसटून शरीरात पसरत असाव्यात. कापण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीच्या चहूबाजूंनी हे औषध टोचलं, तर त्या पेशींची हालचाल थंडावेल का, हे त्यांना पाहायचं होतं.

२०११ साली हा अभ्यास सुरू झाला. देशातल्या ११ कर्करोग केंद्रांत मिळून सुमारे १,६०० महिला त्यात होत्या. सगळ्यांचा आजार सुरुवातीच्या टप्प्यातला होता आणि सगळ्यांचं थेट ऑपरेशन ठरलेलं होतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला ऑपरेशनआधी इंजेक्शन दिलं, दुसऱ्याला दिलं नाही. पुढचे उपचार दोघींनाही नेहमीप्रमाणे मिळाले. सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या परिषदेत निकाल मांडले गेले, आणि आपल्याकडच्या बातम्याही तेव्हाच्याच.

निकाल असा होता. इंजेक्शन न दिलेल्या गटात पाच वर्षांनंतर १०० पैकी ८६.४ महिला हयात होत्या. इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ होत्या. म्हणजे मृत्यूचं प्रमाण एका गटात १३.६ आणि दुसऱ्यात ९.९.

इथून पाटी लिहायचे दोन मार्ग होतात. वजाबाकी केली तर १३.६ वजा ९.९, म्हणजे ३.७. शंभर महिलांमागे जवळपास चार जणींचा जीव वाचला. भागाकार केला तर १३.६ मधले ३.७ म्हणजे सुमारे २७ टक्के. संशोधकांनी नुसतं पाच वर्षांच्या शेवटी किती मृत्यू झाले एवढंच पाहिलं नाही, कोणता मृत्यू कधी झाला हेही हिशोबात धरलं. त्या पद्धतीने आकडा २९ येतो. बातम्यांत तो गोल करून ‘जवळपास ३०’ झाला.

माझ्या विद्यार्थ्यासाठी मी वहीत शंभर ठिपके काढले. म्हटलं, ही अम्मीसारख्या शंभर बायकांची रांग. यातल्या ८६ जणी हे इंजेक्शन न घेताही पाच वर्षांनी हयात असतात, त्यांना ऑपरेशन आणि बाकीचे उपचार पुरेसे पडतात. १० जणी दुर्दैवाने इंजेक्शन घेऊनही जातात. मधे उरल्या चार. इंजेक्शनचा फायदा या चौघींना झाला. त्या चौघी नेमक्या कोण, हे आधी कुणालाच ओळखता येत नाही, म्हणून द्यायचं तर शंभर जणींना द्यावं लागतं. दुसऱ्या शब्दांत, सुमारे २७ जणींना इंजेक्शन दिलं की पाच वर्षांत एक मृत्यू टळतो.

तो थोडा वेळ त्या ठिपक्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तीस नाहीत, चार. पण मॅडम, अम्मी त्या चारातली असली तर?” प्रश्न बरोबरच होता. त्याच्याकडे शेवटी येते.

आपल्याच जिल्ह्यातला एक अभ्यास

आता ज्याचा आकडा याहून मोठा आहे, अशा एका संशोधनाची गोष्ट. ते आपल्याच जिल्ह्यात झालं, तरी आपल्यातल्या फार थोड्यांना ते माहीत आहे.

१९९९ च्या अखेरीस तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. डॉ. शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. नेने हे त्यातले प्रमुख. जिल्ह्यातल्या गावांचे ५२ समूह करण्यात आले. त्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी महिला अभ्यासात होत्या. तुमच्यापैकी कुणाच्या आजी, खाला किंवा सासूबाईही त्यात असतील.

हे समूह चार गटांत वाटले गेले. एका गटातल्या महिलांना एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या चाचणीसाठी बोलावलं. हाच विषाणू या कर्करोगाचं मूळ आहे. ही चाचणी प्रत्येकीची एकदाच झाली. आणखी दोन गटांत तपासणीच्या दुसऱ्या पद्धती वापरल्या. चौथ्या गटाची अशी मुद्दाम तपासणी केली नाही, त्या महिलांना फक्त माहिती आणि नेहमीच्या सरकारी सोयी होत्या. या चौथ्या गटावरून पुढे बरीच टीका झाली. तपासणी उपलब्ध असताना हजारो बायकांना तिच्यापासून लांब ठेवायचं का, हा प्रश्न रास्तच आहे.

२००९ साली निकाल प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ महिला होत्या आणि त्यांतल्या ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न केलेल्या गटात ३१,४८८ महिला होत्या, त्यांतल्या ६४ दगावल्या. सापेक्ष भाषेत मृत्यू ४८ टक्क्यांनी घटले, म्हणजे जवळपास निम्मे झाले. “एका चाचणीने मृत्यू निम्म्यावर” ही त्याची पाटी.

आता वजाबाकी करू. तपासणी नसलेल्या गटात दर १०,००० महिलांमागे सुमारे २० मृत्यू, चाचणीच्या गटात सुमारे १०. फरक दहा हजारांत दहा, म्हणजे हजारात एक. हजार महिलांना चाचणीसाठी बोलावलं, तेव्हा सुमारे आठ वर्षांत एक मृत्यू टळला.

दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून पाहा. सापेक्ष घट इंजेक्शनची २९ टक्के आणि चाचणीची ४८ टक्के, म्हणजे चाचणी पुढे. निरपेक्ष घट मात्र इंजेक्शनची शंभरात सुमारे चार, म्हणजे हजारात ३७, आणि चाचणीची हजारात एक. मथळ्यावरून ज्याचा फायदा जास्त वाटला, त्याचा माणशी फायदा कितीतरी कमी निघाला.

कारण शाळेच्या उदाहरणात आलंच आहे. इंजेक्शनच्या अभ्यासात प्रत्येक महिलेला कर्करोग झालेलाच होता, त्यामुळे मुळातला धोका मोठा, शंभरात साडेतेराच्या वर. जिल्ह्यातल्या अभ्यासात बाया निरोगी होत्या. त्यांच्यातल्या बहुतेकींना हा आजार कधी होणारच नव्हता, त्यामुळे मुळातला धोका छोटा, हजारात दोन. छोट्याचा निम्मा छोटाच असतो.

छोटा आकडा म्हणजे निरुपयोगी नव्हे

इथे उलट चूक होऊ शकते. “हजारात एकच? मग कशाला जायचं तपासणीला?” असं कुणी म्हणेल. तो निष्कर्षही घाईचा आहे.

हजारात एक म्हणजे किती, हे गावाच्या मापात मोजून पाहा. तपासणी नसलेल्या गटातही चाचणीच्या गटाइतकाच मृत्युदर असता, तर ६४ ऐवजी सुमारे ३१ जणी दगावल्या असत्या. म्हणजे ३३ घरांतली बाई आणखी काही वर्षं घरात राहिली असती. त्याची किंमत होती आयुष्यातून एकदा, काही मिनिटांची चाचणी, आणि जिच्यात दोष निघाला तिला पुढचा छोटा इलाज. शिवाय ही मोजणी आठ वर्षांची आहे. हा आजार हळू वाढतो, त्यामुळे काळ वाढला की मृत्यू वाढतात आणि त्याबरोबर वाचणाऱ्यांची संख्याही वाढते. जागतिक आरोग्य संघटना आज महिलांच्या तपासणीसाठी हीच चाचणी सुचवते, त्यामागे आपल्या जिल्ह्यातल्या या बायकांचाही हिस्सा आहे.

इंजेक्शनचंही तसंच. सत्तावीस जणींमागे एक. इंजेक्शन शंभर रुपयांचं धरलं तर सत्तावीस जणींचे झाले २,७०० रुपये. एवढ्यात एक मृत्यू टळत असेल, आणि अभ्यासात त्या इंजेक्शनमुळे कुणाला त्रास झाल्याची नोंद नसेल, तर सौदा फारच चांगला आहे. हाच ‘३० टक्के’ फायदा दहा लाखांच्या औषधाचा असता, तर एका मृत्यूमागे दोन कोटी सत्तर लाख लागले असते, आणि कुणाला तरी त्यासाठी शेत विकावं लागलं असतं. मथळा दोन्ही औषधांचा अगदी सारखाच दिसला असता.

म्हणून निरपेक्ष आकडा हा फायदा कमी दाखवण्यासाठी नसतो. एका पारड्यात तो ठेवायचा आणि दुसऱ्यात खर्च, त्रास आणि जोखीम ठेवायची. सापेक्ष टक्का त्या तराजूत बसतच नाही.

फायदा एका मापाने, नुकसान दुसऱ्या मापाने

रोज घ्यायच्या गोळ्यांच्या बातम्यांत आणखी एक गोष्ट दिसते. आपल्याकडे बऱ्याच घरांत कुणी ना कुणी कोलेस्ट्रॉलसाठी रोसुव्हास्टॅटिनची गोळी घेतं. या गोळीचा एक प्रसिद्ध अभ्यास २००८ साली आला, त्याचं नाव ज्युपिटर. ज्यांना हृदयविकार नव्हता आणि ज्यांचं कोलेस्ट्रॉलही फार नव्हतं, अशा १७,८०२ लोकांवर तो झाला. निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. सरासरी दोन वर्षांच्या आतच तो थांबवला, कारण फायदा स्पष्ट दिसू लागला होता.

औषध नसलेल्या गटात २५१ जणांना हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा तशी गंभीर घटना घडली, औषधाच्या गटात १४२ जणांना. बातमीतला आकडा होता ४४ टक्क्यांची घट. त्याच अभ्यासात नव्याने मधुमेह निघालेले लोक औषध नसलेल्या गटात २१६ आणि औषधाच्या गटात २७० होते. ही बाब सांगताना बहुतेक वेळा शब्द येतात, “मधुमेहात किंचित वाढ, २.४ वरून ३ टक्के.”

बघा काय झालं ते. फायदा भागाकाराने सांगितला, ४४ टक्के. नुकसान वजाबाकीने सांगितलं, अर्ध्या टक्क्याहून जरा जास्त. दोन्ही एकाच मापाने मोजू. भागाकाराने फायदा ४४ टक्के आणि मधुमेहातली वाढ २५ टक्के. वजाबाकीने शंभर जणांमागे १.२ जणांची गंभीर घटना टळली आणि ०.६ जणाला जास्तीचा मधुमेह निघाला. तरीही फायदा जास्त आहे, आणि हार्ट अटॅक व मधुमेह एकाच तोलाचे नाहीत. पण ४४ विरुद्ध ०.६ असं चित्र जे डोळ्यापुढे उभं राहतं, ते खरं नाही.

हे वाचून कुणी गोळी बंद करू नये. ज्याला आधीच हार्ट अटॅक येऊन गेला आहे, त्याचा मुळातला धोका या लोकांपेक्षा पुष्कळ मोठा असतो, त्यामुळे गोळीचा प्रत्यक्ष फायदाही मोठा असतो. एकाच घरात अब्बांना या गोळीचा भरपूर फायदा आणि तिशीतल्या धडधाकट मुलाला नगण्य फायदा, असं असू शकतं. टक्का दोघांचा तोच, मुळातला धोका वेगळा.

निरपेक्ष आकड्याच्याही मर्यादा

शंभरात चार हा आकडाही दगडावर कोरलेला नाही. पहिली गोष्ट मुदतीची. “शंभरात चार” हे पाच वर्षांचं आहे, “हजारात एक” हे आठ वर्षांचं, “शंभरात १.२” हे दोन वर्षांच्या आतलं. मुदत न सांगता दिलेला निरपेक्ष आकडा अर्धवट असतो. मुदती वेगवेगळ्या असताना दोन औषधांची तुलनाही जपूनच करावी.

दुसरी गोष्ट योगायोगाची. सोळाशे महिला म्हणजे तशा फार नाहीत. संशोधकांनी स्वतःच लिहिलं आहे की मृत्यूतली खरी सापेक्ष घट ६ टक्क्यांपासून ४७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, २९ हा मधला अंदाज आहे. वजाबाकीच्या भाषेत खरा फायदा शंभरात एकीपेक्षा कमी ते शंभरात सहा जणी यांच्यामध्ये कुठेतरी आहे. मथळ्यात ही दोन टोकं कधीच येत नाहीत. शिवाय दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला औषध मिळालं हे सर्जनला माहीत होतं. मृत्यूच्या मोजणीवर याचा परिणाम कमी होतो, पण अशा कारणांमुळेच डॉक्टर दुसऱ्या देशांतही हाच प्रयोग होऊन तोच निकाल येतो का, याची वाट बघतात.

तिसरी गोष्ट अभ्यास कुणावर झाला याची. इंजेक्शनचा अभ्यास सुरुवातीच्या टप्प्यातल्या आणि थेट ऑपरेशन झालेल्या महिलांवर होता. ज्यांना आधी केमो देऊन मग ऑपरेशन केलं जातं, किंवा ज्यांचा आजार आधीच पसरला आहे, त्यांना तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

खालांचं काय झालं

आता “अम्मी त्या चारातली असली तर?” या प्रश्नाकडे येते. मी त्याला म्हटलं, असू शकेल, आणि म्हणूनच हे इंजेक्शन मिळालं तर चांगलंच. पण दोन गोष्टी बघ. ज्या ८६ जणी वाचतात, त्या मुख्यतः ऑपरेशन आणि पुढच्या उपचारांनी वाचतात. चार जणींच्या फायद्यासाठी त्या ८६ जणींचा आधार तीन महिने पुढे ढकलणं हे उलटं गणित आहे. दुसरं म्हणजे लिग्नोकेनसाठी मुंबईच गाठायला हवी असं नाही, ते जवळपास प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये असतंच. तेव्हा मुंबईला जायचं की नाही हे ठरवण्याआधी आपल्या सर्जनलाच विचार.

आम्ही एका कागदावर चार प्रश्न लिहिले. अम्मीसारख्या शंभर जणींमध्ये हे इंजेक्शन न देता पाच वर्षांत किती जणी दगावतात? दिल्यावर किती? अम्मीची गाठ अभ्यासातल्या महिलांसारखीच आहे का? आणि यात तिला काही धोका आहे का? चौथ्या प्रश्नाखाली मी एक ओळ टाकली, “फायदा आणि धोका दोन्ही शंभरात किती, असं सांगा.”

सर्जनने तो अभ्यास वाचलेला होता. त्यांनी खालांचं वजन आणि हृदयाचा रिपोर्ट पाहिला आणि इंजेक्शन द्यायला हरकत नाही म्हणाले. ऑपरेशन ठरलेल्या तारखेलाच झालं. खाला त्या चौघींपैकी आहेत, त्या शहाऐंशींपैकी आहेत की आणखी कुठल्या, हे कुणालाच सांगता येणार नाही. सध्या त्यांचे पुढचे उपचार चालू आहेत.

तो कागद त्या मुलाने जपून ठेवला आहे. परवा त्याच्या मामूंना कुणीतरी ‘साखर ५० टक्क्यांनी घटवणारं’ नवीन औषध सांगितलं, तेव्हा त्याने मला फोन केला नाही. मामूंनाच विचारलं, “पन्नास टक्के कशाचे? किती होती आणि किती झाली?”